मावा, गुटखा आणि सिगारेट : तुलनेचा आढावा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत तंबाखू म्हटली की आधी डोळ्यांसमोर येतो तो तोंडात भरलेला बार. सिगारेटचा धूर नंतर. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात, मंचरच्या बाजार समितीत, ऊसतोडीच्या फडावर, एस.टी. स्टँडसमोरच्या टपरीवर चुना-तंबाखू मळणारा तळहात किंवा प्लॅस्टिकच्या कागदात घोळवलेला मावा हे नेहमीचे दृश्य. घराघरांत, विशेषतः बायकांमध्ये, मिश्री आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दातांना लावायची. दात घासण्यापासून सुरू झालेली ही सवय पुढे दिवसातून चार-पाच वेळा लागते. राज्याचे आकडे हेच सांगतात. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 वर्षांवरील 26.6 टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. धूरविरहित तंबाखू घेणारे 24.4 टक्के होते आणि विडी-सिगारेट ओढणारे फक्त 3.8 टक्के. म्हणजे महाराष्ट्रात तंबाखूचा प्रश्न मुख्यतः तोंडात धरल्या जाणाऱ्या तंबाखूचा आहे. तिच्या धोक्याबद्दलची जागतिक चर्चा मात्र बरीचशी सिगारेटच्या मापानेच झाली आहे. ते माप इथे कुठवर चालते आणि कुठे चालत नाही, हे या आढाव्यात पाहायचे आहे.

पुणे जिल्ह्यातील जुने पाऊल

या प्रश्नाच्या अभ्यासात पुणे जिल्ह्याला जुने स्थान आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंत संशोधन विभागाने डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली 1960 च्या दशकात देशाच्या निरनिराळ्या भागांत घरोघरी जाऊन ग्रामीण लोकांची तोंडे तपासायला सुरुवात केली. कोपनहेगनचे मुखरोगतज्ज्ञ येन्स पिंडबोर्ग या कामात सोबत होते. पुणे जिल्ह्यातील 1,01,761 खेडूतांच्या तपासणीचा अहवाल 1972 साली प्रसिद्ध झाला. रुग्णालयात आलेल्या रोग्यांवरून काढलेले अंदाज तोवर बरेच होते, पण गावात राहणाऱ्या, स्वतःला निरोगी समजणाऱ्या एवढ्या माणसांच्या गालांच्या आतली त्वचा पाहून सवयींशी तिचा ताळा घालण्याचे काम जगातही फारसे झाले नव्हते. इथे तंबाखू चघळणारे ओढणाऱ्यांपेक्षा जास्त होते, आणि तोंडातले पांढरे चट्टे, म्हणजे ल्युकोप्लेकिया, मुख्यतः तंबाखूची सवय असलेल्यांतच सापडत होते. पिढ्यान्‌पिढ्या निरुपद्रवी मानल्या गेलेल्या सवयीचा कर्करोगपूर्व बदलांशी संबंध आहे, हे त्यातून गावपातळीवर दिसले.

त्या काळी चघळणे म्हणजे बहुधा तंबाखू आणि चुना, किंवा विडा. गुटखा नंतरचा. त्याच्या छोट्या पुड्या 1980 नंतर झपाट्याने पसरल्या. सुपारी, तंबाखू, चुना, कात आणि सुगंधी द्रव्ये असे जे मिश्रण पूर्वी पानवाला समोर करून देई, ते कारखान्यातून कोरडे, टिकाऊ आणि शाळकरी मुलाच्या खिशालाही परवडेल अशा किमतीत येऊ लागले. मावा त्याचाच ताजा, टपरीवर बनणारा भाऊ. संशोधकांनी नोंदवलेल्या एका सर्वसाधारण प्रमाणात त्यात पाच-सहा ग्रॅम सुपारीचा कीस, सुमारे 0.3 ग्रॅम तंबाखू आणि चुन्याच्या निवळीचे काही थेंब असतात. हे सारे प्लॅस्टिकच्या कागदात घालून जोराने मळतात, म्हणजे चुना सगळीकडे लागतो आणि सुपारी मऊ होते. हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे. लोक माव्याला तंबाखूचा पदार्थ म्हणतात, पण वजनाने पाहिले तर तो जवळजवळ सगळा सुपारीच असतो.

धूर नाही, म्हणून धोका कमी?

चर्चेतली पहिली भूमिका अशी आहे की धूरविरहित तंबाखू सिगारेटपेक्षा खूपच कमी घातक आहे. तिला आधार आहे. सिगारेटचा बहुतेक घात ज्वलनातून होतो. डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि धुरातले बारीक कण फुप्फुस आणि हृदय पोखरतात. धूर गेला की फुप्फुसाच्या कर्करोगाचा आणि दम्यासारख्या जुनाट श्वासरोगाचा मोठा वाटा कमी होतो. मुंबईत 1990 च्या दशकात सुरू झालेल्या, सुमारे दीड लाख लोकांच्या पाठपुराव्यातही हा फरक दिसला. तंबाखू न घेणाऱ्यांच्या तुलनेत पुरुषांत मृत्यूचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांत सुमारे 37 टक्के आणि विडी ओढणाऱ्यांत सुमारे 64 टक्के जास्त होता. चघळणाऱ्यांतली वाढ यांच्यापेक्षा कमी होती. एकूण मृत्यूंच्या हिशेबात धूर जास्त मारतो, हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

याच भूमिकेचा दुसरा, जास्त वजनदार आधार स्वीडनमधून येतो. तिथे ओठाखाली ठेवायची ‘स्नूस’ नावाची तंबाखू पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. स्वीडिश बांधकाम कामगारांचा दीर्घ पाठपुरावा 2007 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. कधीही धूम्रपान न केलेल्या, पण स्नूस वापरणाऱ्या पुरुषांत तोंडाच्या कर्करोगाची वाढ त्यात आढळली नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका मात्र सुमारे दुप्पट निघाला. या अभ्यासातून अनेक पाश्चात्त्य तज्ज्ञांनी असा निष्कर्ष काढला की सिगारेट सोडवत नसेल तर धूरविरहित तंबाखूकडे वळणे हा कमी वाईट पर्याय आहे.

आता हाच निष्कर्ष घोडेगावच्या टपरीवर लागू पडतो का? माझे मत असे की पडत नाही, आणि त्याचे कारण पदार्थाच्या रसायनात आहे. तंबाखूतील सर्वांत सिद्ध कर्करोगकारके म्हणजे तिच्यातच तयार होणारी नायट्रोसामाइन्स. त्यांतली एनएनएन आणि एनएनके ही दोन आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे माणसात निश्चित कर्करोगकारक अशी ठेवली आहेत. पाने वाळवताना, आंबवताना आणि साठवताना जिवाणू नायट्राइट तयार करतात, आणि तंबाखूतील निकोटीनसारखी अल्कलॉइड्स त्याच्याशी जुळून ही द्रव्ये बनतात. स्नूसच्या तंबाखूला वाफेची उष्णता देऊन जिवाणू मारतात आणि माल थंडीत ठेवतात, म्हणून तिच्यात नायट्रोसामाइन्स कमी राहतात. आपल्याकडे तंबाखूवर अशी प्रक्रिया होत नाही, आणि ती उन्हापावसात, दमट गोदामांत महिनोन्‌महिने पडून असते. शिवाय स्नूसमध्ये सुपारी नसते. एकाच नावाखाली आलेले हे दोन पदार्थ तोंडात वेगळे वागतात.

तोंडाच्या कर्करोगात बाजू उलटते

दुसरी भूमिका दक्षिण आशियातील संशोधकांची, आणि पुरावा इथे भक्कम आहे. धूम्रपान करणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचा धोका न ओढणाऱ्यांच्या तुलनेत साधारण साडेतीनपट भरतो, असे जगभरच्या अभ्यासांचे संकलन सांगते. भारतातील चघळणाऱ्यांवरच्या अभ्यासांची अशीच एकत्र मांडणी केली तर धोका सरासरी पाचपटीच्या घरात जातो, आणि सुपारीसह तंबाखूच्या पदार्थांत त्याहून वर. स्त्रियांत ही पट आणखी मोठी दिसते. वेगवेगळ्या लोकसमूहांचे, वेगवेगळ्या पद्धतींनी केलेले हे अभ्यास असल्याने या दोन आकड्यांची थेट वजाबाकी करू नये, पण दिशा स्पष्ट आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आलेल्या अंदाजानुसार 2022 साली जगात तोंडाच्या कर्करोगाचे 3,89,800 नवे रुग्ण होते. त्यांतले सुमारे 1,20,200 धूरविरहित तंबाखू किंवा सुपारीमुळे, आणि या दुसऱ्या आकड्यातले 83,400 एकट्या भारतातले.

आकड्यांपेक्षाही मला जास्त पटणारा पुरावा म्हणजे कर्करोगाची जागा. पाश्चात्त्य देशांत सिगारेट आणि दारूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग जास्त करून जिभेवर आणि जिभेखाली दिसतो. भारतात तो गालाच्या आतल्या भागात आणि खालच्या हिरडीलगतच्या खाचेत, म्हणजे नेमका जिथे बार किंवा मावा दाबून ठेवतात तिथे होतो. डॉक्टर त्याला ‘भारतीय तोंडाचा कर्करोग’ म्हणतात ते याचसाठी. सवय एका गालाची असेल तर चट्टाही बहुधा त्याच गालात. कर्करोगाची जागा आणि पदार्थाची जागा इतकी जुळत असेल, तर दारू, दातांची अस्वच्छता, कुपोषण किंवा आनुवंशिकता यांवरच सगळे ढकलता येत नाही. हा आक्षेप अधूनमधून घेतला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. दारू आणि तंबाखू एकत्र आल्या की धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो, हे दिसले आहे. पण न ओढणाऱ्या आणि न पिणाऱ्या माणसांतही चघळण्याचा धोका टिकून राहतो, आणि आपल्या गावांतल्या मिश्री लावणाऱ्या स्त्रिया बहुतेक ना ओढतात, ना पितात.

सुपारीचा हिशेब वेगळा

तिसरा मतप्रवाह म्हणतो की सगळे लक्ष तंबाखूवर देऊन आपण सुपारीला सोडून देतो. 2004 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला, तंबाखू नसलेल्या विड्यालाही, माणसात कर्करोगकारक ठरवले. सुपारीतील अ‍ॅरेकोलीन गालाच्या आतील पेशींना जास्त तंतू तयार करायला लावते, आणि सुपारीतले तांबे त्या तंतूंना घट्ट बांधणाऱ्या विकराला चालना देते. चुना आणि खरखरीत कीस पृष्ठभाग सतत दुखावतात. परिणामी गालाच्या आत दोऱ्यांसारखे पट्टे तयार होतात आणि तोंड उघडेनासे होते. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. आधी तिखट, ठेचा, गरम चहा झोंबू लागतो. मग गाल आतून पांढरट, संगमरवरासारखा दिसतो आणि बोटाने चाचपले तर पट्टे जाणवतात. जीभ नीट बाहेर येत नाही, गाल फुगवता येत नाहीत. साधी घरगुती चाचणी अशी की आपलीच तीन बोटे उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये जातात का ते पाहावे. नेहमीच्या मोठ्या माणसाचे तोंड 35 ते 45 मिलिमीटर उघडते. 20 मिलिमीटरच्या खाली गेले तर घास घेणे, दात घासणे आणि आत काय आहे हे डॉक्टरांनी पाहणे, तिन्ही अवघड होते. हे पट्टे सवय सोडल्याने परत जात नाहीत, पण सोडल्याने पुढची वाढ थांबण्याची शक्यता असते.

भावनगरमध्ये झालेल्या, 1990 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या रोगाच्या 60 रुग्णांची तुलना तेवढ्याच निरोगी लोकांशी केली, तेव्हा मावा खाणाऱ्यांत धोका शंभराहून जास्त पटीने वाढलेला निघाला. केरळमध्ये 17 वर्षे पाठपुरावा केलेल्या अशा रुग्णांपैकी 7.6 टक्क्यांना तोंडाचा कर्करोग झाला. म्हणजे शंभरातल्या बाकी नव्वदांहून अधिक जणांना त्या मुदतीत झाला नाही, हे खरेच. ‘आयुष्यभर खाल्ली आणि काही झाले नाही’ असे म्हणणारा म्हातारा प्रत्येक गावात असतो तो याचमुळे. पण कर्करोगाच्या भाषेत 17 वर्षांत शंभरात सात-आठ हे भयंकर प्रमाण आहे. शिवाय कर्करोग झाला नाही तरी तोंड बंद होणे हा स्वतंत्र आजार उरतोच, आणि तो विशीतल्या तरुणांतही दिसतो. सुपारी-तंबाखूच्या या मिश्रणात नेमका किती वाटा कोणाचा, हे वेगळे काढणे अवघड जाते, कारण मावा खाणारा दोन्ही एकदम घेतो. एक वर्षभर नुसती सुपारी आणि दुसरे वर्ष नुसती तंबाखू, असे कुणी खात नाही.

व्यसन : धूर झटका देतो, चुना टिकवतो

‘सिगारेटची तलफ वेगळी, मावा काय कधीही सोडता येतो’ असे टपरीवर ऐकू येते. यात थोडे खरे आहे. धुरातून निकोटीन काही सेकंदांत मेंदूला पोचते, आणि इतका जलद झटका व्यसन जडवायला अनुकूल असतो. तोंडातून ते हळू शोषले जाते. पण शोषण हळू असले तरी ते कमी असते असे नाही. अमेरिकेत निल बेनोविट्झ यांनी 1988 साली स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगात धूरविरहित तंबाखूने रक्तातील निकोटीनची पातळी सिगारेटइतकीच चढली, जास्त वेळ टिकली आणि एकूण शोषण जवळजवळ दुप्पट झाले.

इथे चुन्याचे काम येते. निकोटीनचा जो अंश विद्युतभारमुक्त असतो तोच गालाच्या त्वचेतून सहज जातो, आणि त्याचे प्रमाण आम्लता-अल्कता ठरवते. पीएच 6 असताना हा अंश सुमारे एक टक्का, 7 ला नऊ, 8 ला जवळजवळ निम्मा आणि 9 ला नव्वद टक्के. चिमूटभर चुन्याने तंबाखू कडक होते असे मळणारा सांगतो, ते रसायनाच्या हिशेबातही बरोबर आहे. एक ढोबळ हिशेब करून पाहू. पुडीत 0.3 ग्रॅम तंबाखू आणि तिच्यात निकोटीन दोन टक्के धरले, तर 6 मिलिग्रॅम झाले. दिवसाला सहा पुड्या म्हणजे 36 मिलिग्रॅम. त्यातले तिसऱ्या हिश्श्याएवढे जरी अंगात गेले, तरी 12 मिलिग्रॅम. एका सिगारेटमधून साधारण एक ते दीड मिलिग्रॅम अंगात जाते, म्हणजे हा माणूस आठ-बारा सिगारेटींएवढे निकोटीन घेतो. सोबत 30 ग्रॅमच्या आसपास सुपारी, आणि प्रत्येक पुडी अर्धा तास ठेवली तर तीन तास गालाला लागून. सुपारीच्या अ‍ॅरेकोलीनलाही मेंदूतील निकोटीनच्या ग्राहकांवर परिणाम करता येतो, असे अलीकडे प्रयोगशाळेत दिसले आहे. त्यामुळे ही सवय एकेरी नसून जोडीची असण्याची शक्यता आहे. सकाळी उठल्यापासून पहिली पुडी तोंडात जायला किती वेळ लागतो, हा प्रश्न व्यसनाची खोली मोजायला सर्वांत सोपा. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सहज सुटेल असे समजू नये.

सुटण्याबाबत आकडेही फारसे सोयीचे नाहीत. 2016-17 च्या सर्वेक्षणात देशभरात ओढणाऱ्यांपैकी 38.5 टक्क्यांनी आधीच्या वर्षात सोडण्याचा प्रयत्न केला होता. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांत 33.2 टक्क्यांनी. मावा तोंडात असताना गाडी चालवता येते, शेतात खुरपता येते, वर्गात बसता येते. सिगारेटला कुठेतरी बाहेर जावे लागते. या सोयीचा वाटा मी व्यसनातच धरतो. उपचारांत निकोटीनच्या गोळ्या आणि समुपदेशनाने काही जणांना मदत होते. दिल्लीत 237 जणांवर झालेल्या 2014 च्या चाचणीत व्हॅरेनिक्लिन या औषधाने सुटणाऱ्यांचे प्रमाण थोडे वाढले, पण एकूण फरक ठाम नव्हता. आणि मावा खाणाऱ्याला यातले काहीही सुपारीच्या ओढीवर इलाज देत नाही. 1800-11-2356 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत समुपदेशन मिळते.

बंदी आणि तिचे मोजमाप

महाराष्ट्राने जुलै 2012 मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली. अन्नात तंबाखू किंवा निकोटीन नसावे, हा 2011 चा नियम तिचा आधार. राज्याने 2002 साली घातलेली आधीची बंदी सर्वोच्च न्यायालयात 2004 साली टिकली नव्हती. नव्या बंदीचा आदेश मुदतीचा असल्याने तो दरवर्षी नव्याने काढावा लागतो. समर्थक म्हणतात की बंदीने नवी मुले या सवयीत येणे अवघड झाले. टीकाकार दाखवतात की तंबाखू आणि मसाला वेगवेगळ्या पुड्यांत विकून दोन्ही टपरीवर एकत्र करता येतात, आणि शेजारच्या राज्यांतून माल येतच राहतो. 2009-10 ते 2016-17 या काळात राज्यात धूरविरहित तंबाखू घेणारे 27.6 वरून 24.4 टक्क्यांवर आले. पण ज्या सिगारेट-विडीवर बंदीच नव्हती, ती ओढणारे 6.6 वरून 3.8 वर आले, म्हणजे प्रमाणाने कितीतरी जास्त घटले. त्यामुळे घट केवळ बंदीची फलश्रुती आहे असे म्हणता येत नाही. बंदी निष्फळ ठरली, असेही या दोन आकड्यांवरून सिद्ध होत नाही. मावा बंदीच्या कक्षेत असला तरी तो पुडीवर छापील इशारा येण्याआधीच, टपरीवाल्याच्या हातात तयार होतो. तिथे पाकिटावरच्या 85 टक्के चित्रमय इशाऱ्याचा काही उपयोग होत नाही.

न सुटलेल्या गाठी

आढाव्याअखेर तीन गोष्टी उघड्या राहतात. पहिली, माव्याचे प्रमाण प्रत्येक टपरीगणिक बदलते, त्यामुळे ‘एका पुडीचा धोका’ असा एकच आकडा काढता येत नाही, आणि सुपारी व तंबाखूचे वाटे अजून नीट विभागलेले नाहीत. दुसरी, गावपातळीची नोंद. पुण्याची कर्करोग नोंदणी मुख्यतः शहराची आहे आणि ग्रामीण नोंदणीसाठी बार्शीचे 1987 पासूनचे काम हाच जुना नमुना. जुन्नर-आंबेगावातला रुग्ण मंचर, पुणे, नाशिक, मुंबई अशा कुठल्याही दवाखान्याच्या नोंदीत विखुरला जातो. तिसरी, तपासणीची. केरळमध्ये प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी तोंडात टॉर्च मारून केलेल्या तपासणीने तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झाले, असे 2005 साली दिसले. मात्र डोंगराळ वाड्यांत, भीमाशंकरच्या बाजूच्या आदिवासी पाड्यांत, चट्टा सापडल्यावर पुढची बायोप्सी कुठे आणि किती दिवसांत होते, यावर ती तपासणी उपयोगी ठरते की नाही हे अवलंबून आहे. चट्टा दिसलेला माणूस दोन आठवड्यांत बायोप्सीच्या टेबलापर्यंत पोचतो का, हे मोजणे या दोन तालुक्यांत आजही शक्य आहे, आणि ते करण्यासाठी नव्या संशोधनाची वाट पाहावी लागत नाही.